हीटर रॉड, १५ लिटर पाणी आणि कमी व्होल्टेज: माझं उत्तर पुस्तकाशी का जुळत नाही?

शंकेखोर
परीक्षेच्या तयारीत एका गणितापाशी दोन दिवस अडकलोय. २३० व्होल्ट, १५०० वॅटचा हीटर रॉड. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचं, कार्यक्षमता ८४ टक्के. वेळ किती? आणि व्होल्टेज २०० वर आलं तर तेवढ्याच कामाला वेळ किती?

मी असं केलं: पाण्याला लागणारी उष्णता १५ × ४.२ × ३५ = २२०५ किलोजूल. १५०० वॅटने भागलं की १४७० सेकंद. १६ टक्के वाया जाते म्हणून वेळ १६ टक्क्यांनी वाढवला, आला १७०५ सेकंद. पुस्तकात १७५० आहे. दुसऱ्या भागात पुस्तकातले १७५० घेऊन व्होल्टेज ज्या प्रमाणात कमी त्या प्रमाणात वेळ जास्त धरला, तर साधारण साडेतेहतीस मिनिटं आली. पुस्तकात ३८ मिनिटं ३४ सेकंद! पहिल्यात थोडंच चुकलोय, दुसऱ्यात मात्र पार कोसळलोय.

गिरकी
दुसऱ्या भागात पुस्तकच चुकलंय. व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो, हे रोज बघतो मी. मोटारीचं वाइंडिंग त्यानेच जळतं. व्होल्टेज कमी आणि करंट जास्त, म्हणजे वॅट जवळपास तेवढेच. वेळ फारसा बदलायलाच नको.

जुनी_तार
गिरकी, मोटारीचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते रॉडला लागू नाही. मोटारीच्या शाफ्टवर भार बसलेला असतो, तो पंप काही व्होल्टेज बघून पाणी कमी उचलत नाही. म्हणून मोटार करंट जास्त ओढून तेवढंच काम रेटायला बघते आणि तापते. रॉडवर असला कसलाच भार नाही. तो एक तारेचा वेटोळा आहे, त्याचा रोध ठरलेला. व्होल्टेज कमी दिलं की करंटही कमीच जाणार.

शंकेखोर, आता तुझ्याकडे वळतो. पहिल्या भागात १६ टक्के कशाचे, हे चुकलं. १६ टक्के वाया जातात ते रॉडने घेतलेल्या विजेतले, पाण्याला लागणाऱ्या उष्णतेतले नव्हेत. १५०० मधले ८४ टक्के, म्हणजे १२६० वॅट पाण्यात उतरतात. २२०५००० भागिले १२६०, बरोबर १७५० सेकंद. २९ मिनिटं १० सेकंद. कार्यक्षमतेने भागायचं असतं. काही पोरं ०.८४ ने गुणतात आणि १२३५ सेकंद लिहून मोकळी होतात. एक थेंबभरही उष्णता वाया न घालवणारा रॉड १४७० घेतो, मग हा गळका रॉड त्याच्याही आधी कसा पोचला, हे विचारायचं भानच राहत नाही. तू निदान योग्य दिशेला चुकलास.

दुसरा भाग. रॉडचा रोध काढ: २३० चा वर्ग भागिले १५००, म्हणजे ३५.२७ ओहम. आता २०० व्होल्ट. करंट आधी साडेसहा अँपिअर होता, तो ५.६७ झाला. व्होल्टेजही घटलं आणि करंटही घटला, दोघांचा फटका एकदम बसतो. ४०००० भागिले ३५.२७ केलं की ११३४ वॅट. P = V²/R मधला वर्ग तू विसरलास. व्होल्टेज १३ टक्क्यांनी उतरलं, ताकद मात्र २४ टक्क्यांनी उतरली आणि वेळ ३२ टक्क्यांनी वाढला. ११३४ चे ८४ टक्के घे आणि भाग, पुस्तकाचं उत्तर येईल.

शंकेखोर
आलं! २३१४ सेकंद. काका, एक शंका (नावच तसं आहे). रोध ठरलेला का म्हणायचा? बल्बची तार तापली की रोध वाढतो ना? मग २०० व्होल्टला रॉड कमी तापेल, रोध कमी होईल, आणि ताकद तेवढी पडणार नाही.

जुनी_तार
शंका चांगली आहे. बल्बात टंगस्टन असतं आणि ते दोन-अडीच हजार अंशांवर जळत असतं. पेटल्यावर त्याचा रोध थंड असतानाच्या दसपट किंवा त्याहूनही जास्त होतो. रॉडमध्ये बहुधा निकेल-क्रोमियमची तार असते. तापली तरी तिचा रोध थोडाच बदलतो, त्या कामासाठीच ती निवडतात. त्यातून रॉड पाण्यात बुडालेला, पाणी त्याची उष्णता ओढून घेतं, त्यामुळे तार फार तापतच नाही. मल्टीमीटरने थंड रॉडचा रोध मोज, प्लग काढून. गणिताच्या जवळपासच येईल. बल्बाचा मोजलास तर गणिताच्या आसपासही फिरकणार नाही.

काठावर
म्हणजे व्होल्टेज कमी असलं की रॉड वीज कमी खातो. बिल कमी. आंघोळीला उशीर झाला तरी चालेल, फायदाच की!

जुनी_तार
ताकद कमी, पण चालतो जास्त वेळ. १५०० वॅट १७५० सेकंद किंवा ११३४ वॅट २३१४ सेकंद, गुणाकार तोच येतो. पाऊण युनिटाला जरा कमी. फायदा नाही.

प्रयोगवही
इथे मी जरा अडवते. काका, तुमचं गणित पुस्तकाच्या उत्तरापर्यंत नेतं हे मान्य. पण २०० व्होल्टलाही कार्यक्षमता ८४ टक्केच राहील, हे कोणी सांगितलं? प्रश्नात तसं लिहिलेलं नाही.

१६ टक्के जातात कुठे ते बघू. पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफ निघते, बादलीच्या अंगातून हवेत उष्णता जाते. ही गळती पाणी किती गरम आहे यावर ठरते. रॉड किती वॅटचा आहे हे हवेला माहीत नाही. ४० अंशांचं पाणी दर सेकंदाला जेवढं गमावेल तेवढं गमावेलच, मग रॉड १५०० चा असो नाहीतर ११३४ चा.

२३० व्होल्टला १५०० मधले १६ टक्के, म्हणजे सरासरी २४० वॅट गळती. २०० व्होल्टलाही पाणी २० ते ५५ याच वाटेने जाणार, म्हणून सरासरी गळती पुन्हा साधारण २४०. ११३४ मधून २४० गेले, उरले ८९४ वॅट. २२०५००० भागिले ८९४, आले २४६६ सेकंद. ४१ मिनिटं ६ सेकंद, अडतीस नव्हे. कार्यक्षमता घसरून ७९ टक्क्यांच्या आत आली. आणि काठावर यांच्यासाठी: वीज ०.७३ युनिटाऐवजी ०.७८ युनिट. कमी व्होल्टेजला बिल कमी तर नाहीच, किंचित जास्त.

शंकेखोर
ताई, मग परीक्षेत काय लिहू?

प्रयोगवही
३८ मिनिटं ३४ सेकंद. आणि त्याआधी एक ओळ, ‘कार्यक्षमता बदलत नाही असे मानून’.

जुनी_तार
बाई, तुमचं म्हणणं मला पटायला जड जातंय. कार्यक्षमता हा त्या रॉडचा गुण आहे. रॉड तोच, बादली तीच.

प्रयोगवही
तोच समज मोडायचाय. पाण्यात पूर्ण बुडालेला रॉड आपली जवळजवळ सगळी उष्णता पाण्यालाच देतो, दुसरीकडे देणार कुठे? ८४ टक्के हा त्या सगळ्या प्रसंगाचा आकडा आहे: रॉड, बादली, उघडं तोंड, बाहेरची हवा, सगळं मिळून.

व्होल्टेज आणखी खाली नेऊन बघा. समजा ८० व्होल्टच मिळाले. रॉडची ताकद १८१ वॅट. ८४ टक्के कायम धरले तर तुमचं गणित म्हणेल, चार तास लागतील पण पाणी ५५ ला पोचेल. आणि गळती तर पाणी ५५ च्या जवळ आल्यावर २४० हूनही जास्त झालेली असेल, कारण २४० ही सरासरी आहे. १८१ वॅट टाकायचे आणि अडीचशेहून जास्त गळायचे! पाणी मध्येच एका तापमानाला अडून बसेल. चार तास सोडा, चार दिवसांनीही ५५ दिसणार नाहीत.

जुनी_तार
हं. ८० व्होल्टचं उदाहरण बिनतोड आहे. आयुष्यभर रॉड बसवले, पण असं उलटं नेऊन कधी बघितलं नव्हतं. मानलं.

तरी सगळेच्या सगळे २४० हवेत जातात हे मी मानत नाही. बादली स्वतः तापते ना? लोखंडी पिंप असेल तर बरीच उष्णता तेच पितं. ती एकदाच प्यायची असते, वेळ कितीही लागो.

प्रयोगवही
हे मात्र माझ्याकडून निसटलं होतं. बरोबर आहे. भांडं तापवायची उष्णता ठरलेली, ती पाण्यातच मिळवून टाकायची, जणू दोन भांडी पाणी जास्त आहे. व्होल्टेज उतरलं तरी ती वाढत नाही. हवेतली गळती तेवढी वेळेबरोबर वाढते. म्हणजे १६ टक्के सगळे भांड्याने प्यायले तर तुमचं ३८ मिनिटं ३४ सेकंद, सगळे हवेत गेले तर माझं ४१ मिनिटं ६ सेकंद. खरं उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी. कुठे, ते बादली न मोजता सांगता येणार नाही.

ओलेहात
मी हा धागा सकाळपासून वाचतोय कारण माझा रॉड आळशी झालाय. १००० वॅटचा आहे. १२ लिटर पाणी, २२ अंशांवरून ५० वर न्यायला ३२ मिनिटं घेतो. तुमच्या पद्धतीने हिशेब केला: १२ × ४.२ × २८ = १४११ किलोजूल, १९२० सेकंदांत. म्हणजे पाण्यात ७३५ वॅटच उतरतात. कार्यक्षमता साडेत्र्याहत्तर टक्के! रॉडवर पांढरा क्षाराचा थर जमलाय बोटभर नाही पण नखाएवढा नक्की. त्यामुळेच उष्णता अडतेय ना? नवीन घेऊ का?

गिरकी
थरानेच. थर म्हणजे गोधडी पांघरल्यासारखं. आत उष्णता कोंडते, बाहेर येत नाही.

जुनी_तार
कोंडून जाईल कुठे? तार वीज घेतेय तोवर उष्णता होतच राहणार, आणि बाहेर पडायला पाण्याशिवाय दुसरी वाट नाही. थर असला की आतली तार जास्त तापते, इतकी की थरातूनही तेवढीच उष्णता ढकलली जाते. पाणी तापायला लागणारा वेळ जवळपास तोच राहतो. थराने मरतो तो रॉड स्वतः, जास्त तापून एक दिवस जळतो. म्हणून थर काढायचाच, पण आळसाचं कारण तो नाही.

आधी सांगा, २३० धरलेत ते मोजून की रॉडवर छापलंय म्हणून? आणि मोजलंत तर रॉड चालू असताना मोजलंत का? बंद असताना प्लग पॉइंट भलतंच गोड बोलतो.

ओलेहात
छापलंय म्हणून. 🙈 शेजारी वायरिंगचं काम करणारे एक काका राहतात, त्यांना विचारून सांगतो.

ओलेहात
मोजलं. रॉड बंद असताना २१३ व्होल्ट, चालू केल्यावर २०८. पूर्ण अर्धा तास त्याच आसपास होतं.

प्रयोगवही
मग तुमचा रॉड आळशी नाही, उपाशी आहे. २०८ भागिले २३०, त्याचा वर्ग ०.८१८. म्हणजे तो १००० नव्हे, ८१८ वॅटच घेतोय. ७३५ भागिले ८१८, कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात. कमी व्होल्टेजचं पाप तुम्ही कार्यक्षमतेच्या नावावर लिहीत होतात. नवीन रॉड आणलात तरी ३२ मिनिटंच लागतील.

खातरी करायची तर व्होल्टमीटरही नको. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि पाटीवर 3200 imp/kWh असं काहीतरी लिहिलेलं असतं. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त रॉड चालू ठेवा आणि तीन मिनिटं लुकलुक मोजा.

ओलेहात
पाटीवर 3200 च आहे. फ्रिजसकट सगळं बंद केलं. तीन मिनिटांत १३२. घरच्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय.

प्रयोगवही
मिनिटाला ४४, तासाला २६४०. भागिले ३२००, ०.८२५ किलोवॅट. खरे १००० वॅट असते तर मिनिटाला त्रेपन्नच्या आसपास आले असते. ८१८ आणि ८२५ मधला फरक मीटरपासून रॉडपर्यंतच्या वायरीत जिरत असेल, किंवा तुमच्या मोजण्यातली एखादी लुकलुक इकडेतिकडे.

गिरकी
म्हणजे करंट खरंच कमी झाला. ८१८ भागिले २०८ करून बघितलं, ३.९ अँपिअर. १००० ला ४.३ असायला हवा होता. बरं, रॉडच्या बाबतीत माघार. मोटारीच्या बाबतीत नाही.

शंकेखोर
ताई, ओलेहात यांचे जे ८३ वॅट जातात (८१८ वजा ७३५) त्यातले हवेत किती आणि बादलीत किती, हे कळेल का? तुमचा आणि काकांचा वाद मिटेल.

प्रयोगवही
निम्मा मिटेल. पाणी ५० ला आलं की बटण बंद करायचं, प्लग काढायचा, मगच रॉड बाहेर. पाणी ढवळायचं, तापमान टिपायचं, दहा मिनिटांनी पुन्हा ढवळून टिपायचं. ढवळणं टाळू नका, रॉडच्या खालचं पाणी वरच्यापेक्षा बरंच थंड राहतं आणि वर धरलेला थर्मामीटर खोटं बोलतो. चालू रॉड असताना पाण्यात बोट घालून ‘झालं का’ बघायचं नाही, हे लिहायला लागू नये, तरी लिहिते.

ओलेहात
केलं. ५० चं दहा मिनिटांत ४८.९ झालं. घरातली हवा २२.

प्रयोगवही
१२ × ४.२ × १.१ = ५५ किलोजूल, सहाशे सेकंदांत. म्हणजे पन्नाशीला गळती साधारण ९२ वॅट. सुरुवातीला पाणी हवेइतकंच होतं, तेव्हा जवळपास काहीच नाही. वाफेची गळती तापमान वाढेल तशी झपाट्याने वाढते, म्हणून सरासरी निम्म्याहून थोडी कमी, चाळीसेक वॅट धरू. ३२ मिनिटांत ७७ किलोजूल हवेत गेले. एकूण वाया गेले १५९. उरले ८२. बादली कसली आहे?

ओलेहात
प्लास्टिकची. वजन ७०० ग्रॅम.

जुनी_तार
प्लास्टिक पाण्याच्या निम्म्याहून कमी पितं. किलोमागे अंशाला १.९ किलोजूल धरा. २८ अंशांना ३७ किलोजूल. बाई, अजून ४५ कुठे गेले?

प्रयोगवही
त्याचाच विचार करतेय. बाराच लिटर होतं का, नक्की? आणि थर्मामीटर एका अंशाने चुकला तर तेवढ्यानेच ५० किलोजूलचा घोळ होतो. हे ४५ खरोखर हरवलेत की कधी नव्हतेच, सांगता येणार नाही.

शंकेखोर
मग निकाल काय, काका की ताई?

जुनी_तार
या बादलीत निम्मं निम्मं. तुझ्या पुस्तकातल्या बादलीबद्दल कोण सांगणार? तरी १५ लिटरला २४० वॅट गळती मला फारच वाटते. ओलेहात यांच्या उघड्या बादलीतही पन्नाशीला ९२ च आहे. गणित करणाऱ्याने ८४ हा आकडा भागाकार सुटसुटीत यावा म्हणून घेतलाय, दुसरं काही नाही.

ओलेहात
आज बादलीवर फळी आडवी टाकून निम्मं तोंड झाकलं, रॉडचं डोकं वाफेच्या बाहेर ठेवलं. व्होल्टेज २११ होतं, पाणी आणि तापमानं तीच. ३० मिनिटं २० सेकंद. फळीचा फायदा झाला म्हणायचा का?

शंकेखोर
मी करून बघतो! २११ ला ८४२ वॅट. गुणिले १८२०, १५३२ किलोजूल. पाण्यात १४११. वाया १२१, आधी १५९ होते. व्होल्टेज वाढल्यामुळे वाचलेला वेळ यात आधीच धरलाय. म्हणजे फळीने ३८ किलोजूल वाचवले!

प्रयोगवही
हिशेब चोख. पण ३८ किलोजूल म्हणजे १२ लिटरला पाऊण अंश. ओलेहात, थर्मामीटरवर अर्ध्या अंशाच्या खुणा आहेत की एकेका अंशाच्या?

ओलेहात
एकेका अंशाच्या. ४८.९ मी अंदाजाने लिहिलं होतं.

जुनी_तार
😄 उद्या परत मोजा.